कातळसड्यावरचे एक वर्ष : पावसाळी आणि कोरड्या नमुन्यांभोवती प्रबंधाचे वेळापत्रक व अंदाजपत्रक

परिसंस्थाशास्त्राचा एक वर्षाचा प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली अडचण अशी असते की विद्यापीठाचे वर्ष आणि पावसाचे वर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. नोंदणी जुलैत होते, विषयाला मान्यता मिळेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, साहित्याची खरेदी सप्टेंबरपर्यंत लांबते, आणि ज्या जिवांचा अभ्यास करायचा ते तोपर्यंत आपले अर्धे आयुष्य उरकून बसलेले असतात. ही अडचण कशी सोडवता येते ते एका ठोस उदाहरणातून पाहू. समजा कोल्हापूरला शिकणारी एक विद्यार्थिनी राजापूर तालुक्यातील जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांमधील सूक्ष्म प्राण्यांचा अभ्यास करणार आहे. तिच्याजवळ जुलै ते जून असे बारा महिने आहेत.

सड्यावरची ही डबकी म्हणजे कातळातले उथळ खळगे असतात. बहुतेकांची खोली वीतभरही नसते. जूनमध्ये ती भरतात, पावसाने उघडीप दिली की काही काळ आटतात, पुन्हा भरतात आणि परतीचा पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोरडी पडतात. उरलेले सहा-सात महिने तिथे भेगाळलेल्या मातीचा पातळ थर तेवढा राहतो. या डबक्यांत परी-कोळंबी, शिंपल्यासारखे कवच असलेल्या कोळंब्या, पाणपिसवा, कोपेपॉड, डासांच्या आणि चतुरांच्या अळ्या, बेडकांची पिल्ले अशी वस्ती असते. परी-कोळंबीच्या एका जातीला तर सह्याद्रीवरूनच स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस असे नाव मिळाले आहे. या कोळंब्यांची अंडी मातीत महिनोन्‌महिने कोरडी पडून राहतात आणि पाणी मिळाले की एक-दोन दिवसांत फुटू लागतात. दोन-तीन आठवड्यांत प्राणी प्रौढ होतात, अंडी घालतात, आणि चतुरांच्या अळ्यांसारखे भक्षक वाढले की विरळ होतात.

म्हणजे या गोष्टीचा सर्वांत महत्त्वाचा अंक पहिल्या पावसानंतरच्या तीन आठवड्यांत होऊन जातो, आणि जुलैत नोंदणी करणाऱ्या विद्यार्थिनीला तो पाहता येत नाही. इथे बहुतेक जण एक चूक करतात. ते ‘डबके भरल्यापासून आटेपर्यंत प्राण्यांचा क्रम कसा बदलतो’ असा प्रश्न घेतात आणि सुरुवातीचा हुकलेला भाग पुढच्या जूनमध्ये भरून काढू असे ठरवतात. पुढच्या जूनमध्ये प्रबंध सादर करायचा असतो. शिवाय पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख हवामान विभागाने ११ जून धरली आहे. पण २०२३ मध्ये तो तिथे २५ जूनला पोहोचला आणि २०२५ मध्ये २६ मे रोजीच दाखल झाला. लागोपाठच्या काही वर्षांत महिनाभराचा फरक पडत असेल तर पुढच्या जूनच्या एखाद्या आठवड्यावर प्रबंध टेकवणे हा जुगार आहे.

त्यामुळे हातात असलेल्या काळात उत्तर मिळेल असाच प्रश्न निवडावा लागतो. आपल्या विद्यार्थिनीने तो असा मांडला : जुलै ते ऑक्टोबर या काळात डबक्यांच्या पाण्यात कोणते प्राणी आढळतात, आणि त्याच डबक्यांच्या कोरड्या मातीतून प्रयोगशाळेत कोणते प्राणी निघतात? या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याची उणीव बराचसा भरून काढतो. जूनमध्ये येऊन गेलेले आणि जुलैतल्या पाण्यात न सापडलेले प्राणी मातीत अंडी ठेवून गेलेले असतात, आणि ती माती उन्हाळ्यात निवांत गोळा करता येते. कोरडा ऋतू हा रिकामा काळ नसून हुकलेला जून परत मिळवण्याची संधी असल्याचे एकदा लक्षात आले की वर्षाचे वेळापत्रक आपोआप आकार घेऊ लागते.

या प्रश्नाची मर्यादाही सुरुवातीलाच लिहून ठेवायला हवी. पाण्यातील प्राण्यांची संख्या दर लिटरला मोजली जाते आणि मातीतून निघालेल्यांची ठरावीक वजनाच्या मातीमागे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी’ असे म्हणता येत नाही. कोणता गट आढळला आणि कोणता आढळला नाही, एवढीच तुलना रास्त ठरते. तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा हा मुद्दा आहे, पण त्याचे उत्तर जुलैतच ठरलेले असावे लागते.

किती डबकी, किती फेऱ्या

नमुन्यांची संख्या ठरवताना विद्यार्थी सड्यावर काय झेपेल याचा हिशेब करतात. खरी अडचण सूक्ष्मदर्शकाखाली येते. प्रत्येक डबक्यातून ५ लिटर पाणी मापाच्या भांड्याने काढून ६० मायक्रॉन छिद्रांच्या प्लवक-जाळीतून गाळायचे आणि जाळीत राहिलेला ऐवज ५० मिलिलिटर बाटलीत भरायचा, या कामाला सड्यावर वीस मिनिटे पुरतात. तीच बाटली प्रयोगशाळेत उघडून प्राणी वेगळे करणे, ओळखणे आणि मोजणे यात सरावलेल्या हातालाही चार तास लागतात, आणि सुरुवातीला तर पूर्ण दिवस जातो.

विद्यार्थिनीने तीन वेगवेगळे सडे आणि प्रत्येक सड्यावर चार अशी १२ डबकी निवडली. एकाच सड्यावरची बारा डबकी घेतली असती तर प्रवास वाचला असता. परंतु जोरदार पावसात शेजारची डबकी ओसंडून एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ती स्वतंत्र नमुने म्हणून मोजता येत नाहीत, आणि निष्कर्षही त्या एका सड्यापुरता राहतो. बारा डबक्यांना सहा फेऱ्या म्हणजे ७२ बाटल्या झाल्या. बाटलीला चार तास धरले तर २८८ तास, आणि रोज चार तासांपेक्षा जास्त वेळ डोळे साथ देत नाहीत हे लक्षात घेता ७२ कामाचे दिवस लागतात. फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत थोडे काम उरकले तरी मोठा भाग नोव्हेंबर ते जानेवारीत जाणार. ऑक्टोबरनंतरचे तीन महिने वेळापत्रकात मोकळे दिसतात; प्रत्यक्षात ते आधीच भरलेले असतात.

फेऱ्यांच्या तारखा तिने समान अंतराने घेतल्या नाहीत. १५ जुलै, ५ ऑगस्ट, २६ ऑगस्ट आणि १६ सप्टेंबर अशा पहिल्या चार फेऱ्यांत तीन आठवड्यांचे अंतर आहे. त्यापुढच्या दोन ३० सप्टेंबर आणि १४ ऑक्टोबरला, म्हणजे दोन आठवड्यांनी. कारण डबकी आटू लागली की बदल झपाट्याने होतात : पाणी तापते, क्षार वाढतात, भक्षक आणि भक्ष्य थोड्या पाण्यात कोंडले जातात. भर पावसाळ्यात एक फेरी चुकली तर नुकसान थोडे होते. शेवटच्या दोन फेऱ्यांपैकी एक चुकली तर आटण्याचा टप्पाच हातातून निसटतो.

तारीख आली म्हणून नमुना घ्यायचाच, असेही नाही. रात्रभर मुसळधार पाऊस होऊन डबकी ओसंडली असतील तर पाणी पातळ झालेले असते आणि प्राणी वाहून गेलेले असतात. त्या सकाळी घेतलेला नमुना त्या डबक्याबद्दल फारसे काही सांगत नाही. म्हणून प्रत्येक मुक्कामात एक दिवस जास्तीचा धरावा आणि मागच्या चोवीस तासांत किती पाऊस पडला ते नोंदवहीत लिहावे. उलट परिस्थितीही येते. देशभराचा विचार करता २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा उघडिपीत उथळ डबकी मध्येच आटतात. तिथे पोहोचून डबके कोरडे दिसले तर ‘नमुना मिळाला नाही’ असे न लिहिता ‘डबके कोरडे’ असे लिहावे, कारण तीही नोंदच आहे. आणि पाऊस परतल्यावर चार-पाच दिवसांत राखीव फेरी वापरून जावे. जूनमध्ये हुकलेले ‘नव्याने भरणे’ लहान प्रमाणात का होईना, ऑगस्टमध्ये पाहायला मिळते.

पण डबकी केव्हा आटली आणि केव्हा भरली हे कोल्हापुरात बसून कळणार कसे? तापमान नोंदवणारी छोटी यंत्रे डबक्यात ठेवता येतात : डबके कोरडे पडले की दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक एकदम वाढतो आणि त्यावरून तारीख काढता येते. मात्र बारा डबक्यांना बारा यंत्रे घेणे या अंदाजपत्रकात बसत नाही. त्यापेक्षा गावातील एखाद्या व्यक्तीला आठवड्यातून तीनदा प्रत्येक डबक्यात पट्टी उभी धरून खोली वाचायला आणि मोबाईलवर छायाचित्र पाठवायला सांगावे, आणि त्या कामाचा रीतसर मोबदला द्यावा. हे स्वस्त पडते आणि, माझा अनुभव विचाराल तर, जास्त विश्वासार्हही ठरते. ढोरांनी डबके तुडवले, कोणी चिरा काढायला सुरुवात केली, या गोष्टी यंत्र सांगत नाही.

जागेच्या परवानगीचा विचार इथेच करावा. कोकणातील बरेचसे सडे खासगी किंवा सामायिक मालकीचे आहेत, त्यामुळे जमीनमालकांची संमती आणि ग्रामपंचायतीला पत्र या दोन गोष्टी आधी लागतात. कातळशिल्पे असलेल्या सड्यावर काम करायचे असेल तर पुरातत्त्व विभागाशी बोलावे लागते. अभयारण्यातील पठार निवडले की वन विभागाची लेखी परवानगी आली, आणि ती किती महिन्यांत हाती येईल हे विद्यार्थ्याच्या हातात नसते. एक वर्षाच्या प्रबंधासाठी अभयारण्याबाहेरचे सडे निवडण्यामागे एवढे एकच कारण पुरेसे आहे.

मातीची फेरी

मातीचे नमुने गोळा करण्यासाठी तिने फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा ठरवला. त्याआधी गेले तर खोल डबक्यांत ओल राहिलेली असू शकते, आणि डिसेंबरमध्ये अवकाळी पावसाची एखादी सर येऊन काही अंडी आधीच फुटलेली असू शकतात. मार्च-एप्रिलपर्यंत थांबले तर सड्यावरचे वाळलेले गवत वणव्यात जळण्याची शक्यता वाढते, आणि प्रयोगासाठी वेळही उरत नाही. मे महिन्यात तर वळवाची एक जोरदार सर सगळ्या योजनेवर पाणी फिरवते.

प्रत्येक डबक्यात पाच ठिकाणांहून वरचा दोन सेंटिमीटरचा थर घेऊन तो एकत्र मिसळायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा आणि कागदी पाकिटात अंधारात ठेवायचा. बंद प्लास्टिकमध्ये ओल राहिली तर बुरशी येते. प्रयोगशाळेत प्रत्येक डबक्याच्या मातीचे ५० ग्रॅमचे तीन भाग तीन पसरट ट्रेमध्ये घालून त्यांवर ऊर्ध्वपातित पाणी ओतायचे. बारा डबक्यांचे ३६ ट्रे झाले. त्यांत आणखी तीन ट्रे असे ठेवायचे, ज्यांतील माती आधी ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली आहे. या तिन्ही ट्रेंमध्ये काही वळवळताना दिसले, तर प्राणी मातीतून आलेला नसून जाळीतून, पाण्यातून किंवा शेजारच्या ट्रेमधून आलेला आहे हे लगेच कळते. हे तीन ट्रे जागा अडवतात म्हणून वगळले जातात, आणि मग सगळ्याच निकालावर शंका घ्यावी लागते.

नळाचे पाणी वापरू नये. त्यातील क्लोरिन आणि क्षार दोन्ही बाधक ठरतात. सड्यावरची अंडी पावसाच्या जवळपास क्षारविरहित पाण्यात फुटायला सरावलेली असतात. दुसरी अडचण तापमानाची आहे. पावसाळ्यात ढगाळ दिवशी डबके थंड असते, तर मार्चमध्ये कोल्हापुरातील पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ट्रेमधले पाणी बरेच तापते आणि अंडी फुटण्याचे प्रमाण घटू शकते. ट्रे तळमजल्यावरच्या थंड खोलीत ठेवून रोज तापमान लिहिले तर निदान शून्य निकालाचा अर्थ लावता येतो.

दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी मोजणी करायची, मग ट्रे चौदा दिवस वाळू द्यायचे आणि पुन्हा चौदा दिवस भिजवायचे. ही दुसरी भिजवण चैन म्हणून केलेली नाही. अनेक जातींची सगळी अंडी पहिल्या पाण्यात फुटत नाहीत. पहिली सर फसवी निघाली तर वंश राहावा म्हणून काही अंडी मागे राहतात. हा सारा फेरा ४२ दिवसांचा असून १५ फेब्रुवारीला सुरू केला तर मार्चच्या अखेरीस संपतो. ट्रेमध्ये निघालेली पिल्ले प्रौढ होईपर्यंत जगली नाहीत तर ती जातीपर्यंत ओळखता येत नाहीत, म्हणून प्रबंधातील तुलना गटांच्या किंवा कुळांच्या पातळीवरच ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरते. एप्रिल विश्लेषणाला, मे लेखनाला.

पैशांचे गणित

पुढील दर मी हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत. आपल्या गावचे दर घालून तो पुन्हा करावा. पावसाळ्यात उघड्या सड्यावर एकट्याने जायचे नाही, त्यामुळे प्रत्येक खर्च दोन माणसांचा. तीन दिवस आणि दोन रात्रींच्या एका फेरीला एस.टी.चे येणे-जाणे १,२००, दोन दिवसांची रिक्षा किंवा जीप २,४००, गावातील घरगुती मुक्काम १,६००, जेवण १,५०० आणि वाटाड्याचे १,२०० असे ७,९०० रुपये होतात. ते ८,००० धरू. सहा पावसाळी फेऱ्या, एक मातीची आणि दोन राखीव अशा नऊ फेऱ्यांचे ७२,००० रुपये. जाळी, पीएच आणि विद्युतवाहकता मोजण्याचे उपकरण, बाटल्या, रसायने व रेनकोट यांचे २०,०००, त्यात उपकरणाचे ८,०००. ट्रे आणि उबवणीचे साहित्य ४,०००. खोली वाचणाऱ्या व्यक्तीला सोळा आठवड्यांचे आठवड्याला ५०० प्रमाणे ८,०००. छपाई-बांधणी ४,०००. एकूण १,०८,०००.

या बेरजेत दोन तृतीयांश रक्कम प्रवासाची आहे, आणि त्या प्रवासात डबक्यांच्या संख्येने काहीच फरक पडत नाही. एकदा सड्यावर पोहोचल्यावर चौथे डबके जवळजवळ फुकट असते. म्हणून पैसे कमी पडले तर डबकी कमी करून उपयोग नाही. आपल्या विद्यार्थिनीला ९०,००० रुपयेच मिळणार होते. तिने उपकरण विभागाकडून उसने घेतले, २६ ऑगस्टची फेरी गाळली आणि छपाई निम्म्यावर आणली. १८,००० रुपये वाचले. पाण्याच्या पातळीची नोंद गावातून येतच होती, त्यामुळे ऑगस्टमधील तिचे डोळे पूर्ण मिटले नाहीत, आणि बारा बाटल्या कमी झाल्याने सूक्ष्मदर्शकाचे बारा दिवसही सुटले. राखीव फेऱ्यांना मात्र तिने हात लावला नाही. अनुस्कुरा घाटात दरड कोसळली की गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटाच्या वाटेने वळसा घालावा लागतो आणि कधीकधी फेरीच रद्द होते. अशा वेळी राखीव पैसे नसतील तर आटण्याच्या टप्प्यातील फेरीचा बळी जातो.

एकूण रकमेपेक्षा पैसे केव्हा लागतात हा प्रश्न जास्त त्रासदायक आहे. मूळ आराखड्यात ऑक्टोबर अखेरपर्यंत सहा फेऱ्यांचे ४८,०००, साहित्याचे २०,००० आणि गावातील मोबदल्याचे ८,००० असे ७६,००० रुपये, म्हणजे सत्तर टक्के खर्च पहिल्या चार महिन्यांतच होतो. अनुदानाचा पहिला हप्ता तेव्हा बहुधा वाटेतच असतो. म्हणून उसनवारी कोणाकडून करायची ते जुलैतच ठरवावे, आणि रिक्षावाल्याकडून व मुक्कामाच्या घरातून साध्या कागदावर का होईना, सही-तारखेची पावती त्याच दिवशी घ्यावी. शिवाय हे वर्ष दोन आर्थिक वर्षांत विभागलेले आहे. ट्रे आणि रसायनांची बिले ३१ मार्चच्या आत सादर झाली नाहीत तर मंजूर रक्कम परत जाण्याची शक्यता असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण ट्रेमधील पिल्ले मोजत बसलेलो असतो.

अल्कोहोलचेही तसेच आहे. नमुने टिकवण्यासाठी लागणारे इथेनॉल राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर मिळते. विभागाचा कोटा असतो आणि तो इतरांनाही लागतो. जुलैत कोटा संपलेला निघाला तर फॉर्मॅलिनवर काम भागते, पण त्यात ठेवलेल्या नमुन्यांवर पुढे डीएनएचे काम करणे अवघड जाते. हा निर्णय पहिल्या फेरीआधी घ्यावा लागतो, कारण अर्धे नमुने एका द्रवात आणि अर्धे दुसऱ्यात असा घोळ नंतर निस्तरत नाही.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी बाटल्यांवर बॉलपेनने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. परतेपर्यंत चौदा बाटल्या निनावी झाल्या. पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाकली की ती राहते. हा खर्च अंदाजपत्रकात दाखवण्याइतकाही नाही. ऑक्टोबरच्या फेऱ्यांत आणखी एक नियम पाळावा : परतीच्या पावसाचे गडगडाट बहुधा दुपारनंतर होतात आणि सड्यावर आपणच सर्वांत उंच असतो, तेव्हा काम सकाळी सहाला सुरू करून बाराच्या आत खाली उतरावे. बारा डबक्यांना वीस मिनिटांप्रमाणे चार तास लागतात आणि तीन सडे एकाच सकाळी होत नाहीत. म्हणून दोन सडे पहिल्या सकाळी, एक दुसऱ्या सकाळी, आणि उरलेला वेळ पावसासाठी सोडलेला.

मोजणी झाल्यावर प्रत्येक डबक्याची उरलेली कोरडी माती पाकिटात, तारीख आणि डबक्याचा क्रमांक लिहून, विभागात जपून ठेवावी. परीक्षकाने एखाद्या निकालावर शंका घेतली तर पुढच्या पावसाची वाट न पाहता तीच माती पुन्हा भिजवून दाखवता येते.